इथे कारभारी, तिथे पाहुणी

पुण्यातल्या वीस-पंचवीस माणसांच्या एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीची कल्पना करा. तिथे सध्या दोन कामं चालू आहेत. पहिलं साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं. उसाची गाडी काट्यावर आली की भरल्या गाडीचं वजन नोंदवायचं, गाडी रिकामी होऊन परतली की पुन्हा वजन घ्यायचं आणि उसाच्या निव्वळ वजनाचा एसएमएस शेतकऱ्याला पाठवायचा. दुसरं काम एका रुग्णालयाच्या अपॉइंटमेंटचं. वजनकाट्याच्या कामाची प्रमुख एक तरुण अभियंता आहे. एसएमएस पाठवणारा भाग तिनेच लिहिला आणि पुढे तोच रुग्णालयाच्या कामातही वापरला गेला. त्यामुळे रुग्णालयाचे एसएमएस अडकले, की ती तक्रार तिच्या नजरेला पडायला हवी. पण तक्रारीत फेरफार करणं, तारीख बदलणं, काम दुसऱ्या कुणाला देणं हे तिचं काम नाही. तिथे दुसरा प्रमुख आहे.

सकाळी ती एकदाच लॉगिन करते. वजनकाट्याचं पान उघडलं की तिला नवी नोंद करायचं बटण दिसतं, प्रत्येक नोंदीशेजारी `Edit` दिसतं, वर `Settings` हा भाग दिसतो. रुग्णालयाचं पान उघडलं की तीच माणूस, तोच पासवर्ड, पण यातलं काहीच नाही. फक्त नोंदींची यादी. ती वाचायची आणि परतायचं.

हे इतकं साधं वाटतं की यात समजून घेण्यासारखं काय आहे, असा प्रश्न पडेल. पण अशी व्यवस्था जिथे जिथे फसते, तिथे ती एकाच गोष्टीच्या विसरामुळे फसते: भूमिका माणसाला चिकटलेली नसते. ती माणूस आणि प्रोजेक्ट या जोडीला चिकटलेली असते.

रेडमाइन या सॉफ्टवेअरच्या आधारे हे पाहू. कामांची आणि तक्रारींची नोंद ठेवणारं हे फुकट, खुलं सॉफ्टवेअर फ्रान्सच्या जाँ-फिलिप लांग यांनी 2006 मध्ये आणलं. ते निवडायचं कारण असं, की त्याचं पोट उघडून पाहता येतं. त्यात माणसांचा एक तक्ता असतो, त्याचं नाव `users`. नाव, लॉगिन, ईमेल हे सगळं त्यात सापडतं. भूमिका मात्र सापडत नाही. प्रोजेक्टांचा तक्ता वेगळा, `projects`. या दोघांच्या मध्ये `members` नावाचा तिसरा तक्ता आहे आणि त्याची एक ओळ एवढंच सांगते, की अमुक माणूस तमुक प्रोजेक्टचा सदस्य आहे. त्या ओळीला भूमिका जोडते ती `member_roles` या चौथ्या तक्त्यातली नोंद. आपल्या अभियंता बाईंच्या नावावर `members` मध्ये दोन ओळी आहेत. वजनकाट्याच्या ओळीला `Manager` जोडलंय, रुग्णालयाच्या ओळीला `Viewer`.

हाच हिशेब एखाद्याने घाईत मांडला तर तो काय करतो? माणसांच्या तक्त्यातच भूमिकेचा एक रकाना टाकतो. छोट्या कंपन्या स्वतःसाठी सॉफ्टवेअर लिहितात तेव्हा हे हमखास घडतं, कारण सुरुवातीला प्रोजेक्ट एकच असतो आणि रकाना पुरतो. दुसरा प्रोजेक्ट आला की पंचाईत होते. बाईंच्या रकान्यात प्रमुख लिहिलं, तर त्या रुग्णालयाच्याही प्रमुख होतात. पाहणारी लिहिलं, तर वजनकाट्याचं काम थांबतं. मग ऑफिसात तोडगा निघतो, की त्यांना दोन लॉगिन द्या. हा तोडगा मला सगळ्यात वाईट वाटतो. घाईच्या वेळी माणूस ज्या खात्यात असेल त्याच खात्यातून काम उरकतो, आणि सहा महिन्यांनी ही नोंद कुणी बदलली हे शोधायला जावं, तर एकाच व्यक्तीची दोन नावं दोन दिशांना बोट दाखवतात.

भूमिका म्हणजे काय, हेही इथेच उलगडतं. `Manager` या शब्दात स्वतःची अशी काही ताकद नाही. तो परवानग्यांच्या एका गठ्ठ्याला दिलेला शब्द आहे: नोंद पाहणं, नोंद करणं, बदलणं, पुसणं, सदस्य घेणं. परवानग्या सुट्या सुट्या माणसांना न वाटता भूमिकेला द्याव्यात आणि माणसाला भूमिका द्यावी, ही मांडणी अमेरिकेच्या प्रमाणन संस्थेतल्या डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कुन यांनी 1992 मध्ये एका निबंधात केली, आणि आज बहुतेक ऑफिसांतली सॉफ्टवेअर त्याच वाटेने चालतात. रेडमाइनमध्ये हा गठ्ठा साऱ्या कंपनीसाठी एकदाच बांधला जातो. कुणाला कुठे कुठला गठ्ठा द्यायचा, एवढंच प्रोजेक्टागणिक ठरतं. याचा एक परिणाम लक्षात ठेवण्यासारखा आहे. रुग्णालयाच्या प्रमुखाने हट्ट धरला म्हणून `Viewer` या गठ्ठ्यात एक परवानगी वाढवली, तर ती कंपनीतल्या प्रत्येक प्रोजेक्टमधल्या प्रत्येक `Viewer` ला मिळते. एका प्रोजेक्टपुरतं काही वेगळं हवं असेल, तर वेगळ्या नावाची वेगळी भूमिका बांधावी लागते.

म्हणून प्रत्येक क्लिकच्या वेळी सॉफ्टवेअरला स्वतःला जो प्रश्न विचारावा लागतो, त्याला तीन अंगं असतात: कोण, काय करू पाहतंय, आणि कुठे. रेडमाइनच्या कोडमध्ये तो असा दिसतो:

```ruby
User.current.allowed_to?(:edit_issues, project)
```

`User.current` म्हणजे आत्ता लॉगिन असलेली व्यक्ती, `:edit_issues` म्हणजे नोंद बदलण्याची परवानगी, आणि शेवटी `project`, म्हणजे कुठल्या प्रोजेक्टमध्ये. आपल्या बाईंच्या बाबतीत हाच प्रश्न वजनकाट्याचं नाव घालून विचारला तर उत्तर हो येतं, रुग्णालयाचं घालून विचारला तर नाही. या प्रश्नाला न जुमानणारी व्यक्ती एकच, संपूर्ण यंत्रणेचा `Administrator`. प्रोजेक्टमध्ये जो भाग चालू आहे त्यात त्याला सगळीकडे हो. म्हणून ती खूण शक्य तितक्या कमी लोकांच्या खात्यावर असावी, आणि रोजच्या कामाच्या खात्यावर तर नसावीच.

आता फक्त पाहण्याची भूमिका प्रत्यक्षात बांधून बघू, कारण खरी गंमत तिथे आहे. रेडमाइन नव्याने बसवताना तयार भूमिका घ्यायच्या म्हटलं, तर `Manager`, `Developer` आणि `Reporter` अशा तीन मिळतात. पुष्कळ जण यातली सगळ्यात खालची म्हणून `Reporter` देतात आणि समजतात, की माणूस आता नुसता पाहणारा झाला. तो झालेला नसतो. नावातच आहे, की ही तक्रार नोंदवणाऱ्याची भूमिका. तिला नवी नोंद करता येते, असलेल्या नोंदीवर टिपण लिहिता येतं, कामाचे तासही मांडता येतात. निव्वळ पाहणारा हवा असेल, तर नवी भूमिका बांधायची आणि तिच्यात `View Issues` एवढी एकच खूण ठेवायची. त्याच पानावर वरच्या बाजूला आणखी एक निवड असते, कुठल्या नोंदी दिसाव्यात याची: सगळ्या, खासगी सोडून सगळ्या, की फक्त स्वतः केलेल्या किंवा स्वतःकडे सोपवलेल्या. रुग्णालयाच्या कामात रुग्णांच्या तपशिलाशी संबंधित तक्रारी खासगी म्हणून नोंदवल्या जात असतील, तर इथे मधली निवड हवी. पाहणं ही निरुपद्रवी गोष्ट आहे असं धरून लोक इकडे लक्ष देत नाहीत. पण तक्रारीला जोडलेल्या स्क्रीनच्या छायाचित्रात रुग्णाचं नाव आणि आजार असेल, तर ते वाचता येणं हीच मोठी परवानगी आहे.

यानंतरचा खड्डा मला फार शिकवणारा वाटतो. प्रोजेक्ट तयार करताना तिथे `Public` अशी एक चौकट असते आणि मूळ मांडणीत तिच्यावर खूण आधीच केलेली असते. ती तशीच राहिली, तर सदस्य नसलेल्या प्रत्येक लॉगिनधारकाला `Non member` नावाची अंगभूत भूमिका लागू होते. तयार मांडणीत या भूमिकेला नोंदी पाहता तर येतातच, शिवाय करताही येतात. म्हणजे आपण आपल्या अभियंता बाईंना मोठ्या काळजीने `Viewer` करून ठेवलं, आणि ज्याचा रुग्णालयाच्या कामाशी संबंधच नाही असा तिसराच सहकारी तिथे बाईंपेक्षा जास्त काही करू शकतो! रेडमाइन माणूस सदस्य असेल तर सदस्यत्वाची भूमिका पाहतं, नसेल तर बाहेरच्यांची. दोन्हींची बेरीज करत नाही. तेव्हा भूमिकांच्या वाटपाआधी ही चौकट बघावी. तिची खूण काढल्याशिवाय बाकीच्या मेहनतीला अर्थ नाही.

बेरीज होते ती वेगळ्या ठिकाणी. एकाच प्रोजेक्टमध्ये एका माणसाला दोन भूमिका देता येतात, आणि तेव्हा दोन्हींच्या परवानग्या एकत्र होतात. `Viewer` आणि `Manager` दोन्ही असतील, तर माणूस प्रमुखच ठरतो. पाहणाऱ्याची भूमिका प्रमुखाच्या भूमिकेतून काही वजा करत नाही, कारण या साऱ्या मांडणीत नाही असं सांगणारी परवानगी नसतेच. असते ती फक्त हो म्हणणारी, आणि कुठलाच हो सापडला नाही तर नाही. हे नीट समजलं, की वारशाचा गुंता आपोआप सुटतो.

समजा कंपनीने पुढे आरोग्यसेवा असा एक मोठा प्रोजेक्ट उघडला आणि अपॉइंटमेंटचं काम त्याच्या पोटात उपप्रोजेक्ट म्हणून टाकलं. उपप्रोजेक्टच्या मांडणीत `Inherit members` या चौकटीवर खूण केली, तर वरच्या प्रोजेक्टचे सगळे सदस्य आपापल्या भूमिकांसह खाली उतरतात. आता बाईंना वरच्या पातळीवर एखाद्या बैठकीपुरतं `Manager` केलं गेलं असेल, तर त्या अपॉइंटमेंटच्याही प्रमुख झाल्या. तिथे त्यांचं `Viewer` आहे तसंच दिसतं, आणि घोटाळा नेमका याचाच होतो. यादीत त्यांच्या नावापुढे आता दोन भूमिका आहेत, पण बघणाऱ्याची नजर ओळखीच्या शब्दावर थांबते. `Manager` काढायला जावं तर त्याच्यापुढची चौकट धूसर, क्लिकच होत नाही. ही बिघाडाची खूण नाही. हक्क वरून आलाय आणि तो जिथून आलाय तिथेच काढावा लागेल, असं ती धूसर चौकट सांगत असते. दुसरा मार्ग वारसाच तोडण्याचा, पण मग बाकीच्या सदस्यांना पुन्हा एकेक करून घ्यावं लागतं.

प्रोग्रॅमरांच्या ओळखीच्या गिटलॅबमध्येही तोच कल आहे. तिथे प्रोजेक्ट गटांत ठेवतात, आणि गटात मिळालेली भूमिका खालच्या प्रोजेक्टात वाढवता येते, घटवता येत नाही. दोन भूमिकांपैकी वरचढ ती लागू होते. त्यामुळे एकीकडे प्रमुख आणि दुसरीकडे पाहणारी असं माणूस हवं असेल, तर दोन्ही प्रोजेक्टांच्या डोक्यावरच्या गटात तिला कमीत कमी भूमिका द्यायची, किंवा मुळीच द्यायची नाही, आणि जिथे ती प्रमुख आहे तिथे थेट वरची भूमिका द्यायची. वरून खाली येताना भूमिका फक्त वाढू शकते, हे लक्षात ठेवून आखणी केली की निम्मे घोटाळे होतच नाहीत.

आता एक बारीक गळती, जी भूमिकांची यादी कितीही तपासली तरी सापडत नाही. रेडमाइनमध्ये दोन नोंदी एकमेकींना जोडता येतात, आणि जोडणीचा एक प्रकार आहे `Blocks`: पहिली नोंद मिटत नाही तोवर दुसरी बंद करता येत नाही. मूळ मांडणीत ही जोडणी एकाच प्रोजेक्टच्या आत चालते. पण प्रोजेक्टांच्या सीमा ओलांडून जोडायची सोयही आहे आणि मोठ्या कंपन्या ती चालू करतात, कारण कामं खरोखरच एकमेकांत अडकलेली असतात. ती चालू असेल, तर आपल्या बाई वजनकाट्यातल्या स्वतःच्या नोंदीवर जाऊन लिहू शकतात, की ही नोंद रुग्णालयाच्या 412 क्रमांकाच्या नोंदीला अडवते. जोडणी करायची परवानगी त्यांना वजनकाट्यात आहे. रुग्णालयाच्या नोंदीच्या बाबतीत सॉफ्टवेअर फक्त एवढंच बघतं, की ती त्यांना दिसते का. दिसते. झालं, 412 अडकली. रुग्णालयाच्या प्रमुखाला ती बंद करायचा पर्यायच मिळेना.

यात कुणी लबाडी केलेली नाही. एसएमएसचा भाग दुरुस्त होईपर्यंत ती तक्रार मिटू नये, हे बाईंचं म्हणणं रास्तही असेल. पण फक्त पाहणारीच्या हातून दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये काहीतरी बदललं, हे खरं. दोन प्रोजेक्टांच्या मधल्या क्रियेला दोन ठिकाणांचा हक्क तपासावा लागतो, आणि दुसऱ्या ठिकाणी किती हक्क पुरेसा मानायचा हे कुणीतरी ठरवलेलं असतं. नोंद एका प्रोजेक्टातून दुसऱ्यात हलवताना रेडमाइन जास्त कडक आहे: जिथे नवी नोंद करायचा हक्क आहे, तेच प्रोजेक्ट यादीत दाखवतं. कुठलंही सॉफ्टवेअर घेताना मी आधी अशा सीमेवरच्या क्रिया शोधते: जोडणं, हलवणं, नक्कल करणं. एका प्रोजेक्टच्या आतले नियम बहुतेकांनी नीट केलेले असतात.

याहून मोठी चूक होते ती कोड लिहिताना, तीन अंगांच्या प्रश्नातलं एक अंग गळलं की. रेडमाइनमध्ये हाच प्रश्न प्रोजेक्टचं नाव न घेता, कुठल्या तरी एका प्रोजेक्टमध्ये ही परवानगी आहे का, अशा रूपातही विचारता येतो. वरच्या मेनूतलं एखादं बटण दाखवावं की नाही हे ठरवायला तो उपयोगी आहे. पण बदल जतन करताना कुणी चुकून तोच प्रश्न वापरला, तर बाईंना रुग्णालयातही होकार मिळतो, कारण वजनकाट्यात तो हक्क त्यांना खरोखरच आहे. पानावर `Edit` दिसत नाही, म्हणून सगळे निर्धास्त असतात. पण ब्राउझरच्या पत्त्यात `/issues/412/edit` असं हाताने लिहिलं, की दार उघडतं. न दिसणारं बटण म्हणजे कुलूप नव्हे.

पाहणाऱ्याचा लिहिणारा होणं किती सोपं असू शकतं, हे साऱ्या जगाने मार्च 2012 मध्ये पाहिलं. येगोर होमाकोव हा रशियन तरुण रेल्स या सॉफ्टवेअरमधली एक उणीव दाखवत होता. बाहेरून आलेल्या फॉर्ममधली सगळी माहिती रेल्स विनातक्रार स्वीकारतं, मग ती फॉर्ममध्ये विचारलेली असो वा नसो, असं त्याचं म्हणणं होतं. ते प्रोग्रॅमरने सांभाळायचं, असं म्हणून ते बाजूला ठेवलं गेलं. रेल्सचा कोड गिटहबवर होता, आणि गिटहब स्वतः रेल्सवर बांधलेलं होतं. रेल्सचा कोड कुणालाही वाचता यायचा. लिहायचा हक्क मोजक्यांना. होमाकोव वाचणाऱ्यांपैकी होता. गिटहबवर आपली सार्वजनिक किल्ली बदलायचा एक फॉर्म असतो. त्याने तो पाठवताना किल्ली कुणाची हे सांगणारं एक जादा खानं स्वतःच घातलं आणि त्यात दुसऱ्याचा क्रमांक भरला. माणूस लॉगिन आहे एवढं फॉर्मने पाहिलं. ही किल्ली त्या खात्याला जोडायचा त्याला हक्क आहे का, हे पाहिलं नाही. त्याची किल्ली रेल्सच्या बाजूला जाऊन बसली आणि त्याने रेल्सच्या कोडमध्ये एक फाइल टाकून दाखवली. गिटहबने त्याच दिवशी भोक बुजवलं, त्याचं खातं गोठवलं आणि नंतर परतही दिलं. भूमिकांचा तक्ता त्या दिवशी अगदी बरोबर होता. त्या तक्त्याला विचारायचंच राहून गेलं होतं.

म्हणून तपासणी तक्त्याची करून भागत नाही, दाराची करावी लागते. त्याला खर्च नाही, एक चाचणीचं खातं पुरतं. त्याला एका प्रोजेक्टमध्ये `Manager` करायचं, दुसऱ्यात `Viewer`, आणि तिसऱ्यात काहीच नाही. दोन्हीकडे नुसता पाहणारा असलेल्या खात्याने ही चाचणी होत नाही, कारण कुठे तरी हक्क आहे का ही चूक पकडायला कुठे तरी हक्क असावाच लागतो. मग ज्या नोंदीचा क्रमांक माहीत आहे तिचं बदलायचं पान थेट पत्ता लिहून उघडायचं. रेडमाइनने `403` हा आकडा आणि या पानाची परवानगी नाही असा संदेश दाखवला पाहिजे. तिसऱ्या प्रोजेक्टच्या बाबतीत काही यंत्रणा `404` दाखवतात, म्हणजे असं काही नाहीच. गिटहब खासगी कोडच्या बाबतीत असंच करतं. परवानगी नाही असं म्हटल्यानेसुद्धा तिथे काहीतरी आहे हे कळून जातं, म्हणून. शेवटी शोधाच्या खिडकीत रुग्णालयाच्या एखाद्या खासगी नोंदीतला शब्द टाकायचा. पान बंद आहे पण शोधात मथळा दिसतो, असं होत असेल तर गळती तिथे आहे. आलेल्या ईमेलमध्येही बघायचं.

माणसाच्या बाजूनेही एक तपासणी आहे. प्रत्येक प्रोजेक्टची सदस्ययादी त्या त्या प्रमुखाला ठीकच वाटते, कारण तो एकच प्रोजेक्ट पाहतो. रेडमाइनमध्ये `Administration` मधून माणसाचं पान उघडलं, की `Projects` या भागात त्या एका व्यक्तीच्या सगळ्या जागा आणि तिथल्या भूमिका एकाखाली एक दिसतात. तिथे वाचत जावं.

आणि वाचताना सगळ्यात जास्त काय सापडतं, तर बदलीचे दिवस. रुग्णालयाच्या प्रमुखाला दोन आठवड्यांची रजा हवी होती; काम अडू नये म्हणून बाईंना `Viewer` वरून `Manager` केलं. ते योग्यच होतं. पंधरा दिवसांनी तो परत आला, काम पुन्हा त्याने घेतलं, आणि बाईंची नोंद तशीच राहिली. कुणाला टोचली नाही, कारण जास्त हक्कामुळे कुणाचं काम अडत नाही. कमी हक्कामुळे अडतं, आणि तेव्हा लगेच फोन येतो. गिटलॅबमध्ये सदस्यत्व देतानाच संपण्याची तारीख लिहिता येते आणि त्या दिवशी ते आपोआप उतरतं. रेडमाइनच्या सदस्ययादीत असा रकाना नाही. तिथे हक्क देणाऱ्यानेच त्याच क्षणी स्वतःच्या नावावर एक नोंद करावी, शेवटची तारीख रजा संपते त्या दिवसाची, मथळा एवढाच: अमुकची भूमिका पुन्हा `Viewer` करणे.